ईसीटी रूममधले नेहमीचे प्रश्न: भूल, इलेक्ट्रोड, डोस आणि "सीझर बरोबर आला का?"

दर सहा महिन्यांनी नवीन रेसिडेंट येतात आणि तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. हे सायकियाट्रीच्या ज्युनियर रेसिडेंटसाठी आहे, पेशंटच्या घरच्यांसाठी वेगळी माहिती असते. इथले डोसचे आकडे विचार कसा करायचा ते कळावं म्हणून दिलेत, टेबलावर शेवटचा शब्द तुमच्या कन्सल्टंटचा आणि भूलतज्ज्ञाचा. बहुतेक उत्तरांमध्ये एकच पेशंट परत परत येईल, नाव नाही, तपशील थोडे बदललेत: वय ५८, पुरुष, वजन ६० किलो, सायकॉटिक डिप्रेशन, दोन आठवडे जेवण जवळपास बंद, पहिल्यांदाच ईसीटी. आपण त्यांना काका म्हणू.

भूल न देता ईसीटी करतात का अजून?

नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ नुसार भूल आणि मसल रिलॅक्संट दिल्याशिवाय ईसीटी करायला बंदी आहे. अल्पवयीन पेशंटसाठी तर पालकांची संमती आणि बोर्डाची आधी परवानगी दोन्ही लागतात. आणि कलम ९४ मधली इमर्जन्सी ट्रीटमेंटची सवलत ईसीटीला लागू होत नाही, त्यामुळे "अर्जंट आहे हो सर, संमती नंतर घेऊ" हे चालत नाही. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी पहिली ईसीटी दिली तेव्हा भूल नव्हतीच, सिनेमातलं चित्र तिथून आलंय आणि घरचे लोक तेच डोक्यात घेऊन येतात.

भूल भूलतज्ज्ञ देतो, मग मला त्यातलं कशाला कळायला हवं?

कारण भुलीचं जवळपास प्रत्येक औषध तुमच्या सीझरशी भांडतं. थायोपेंटोन काय, प्रोपोफॉल काय, ही सगळी फिट थांबवणारीच औषधं आहेत, आणि आपण त्यांच्यावरूनच फिट आणायला निघालोय. म्हणून इथे भूल हलकी लागते, पेशंटला शुद्ध नको आणि रिलॅक्संटमुळे हातपाय लुळे पडतायत ते कळायला नको, बस एवढंच. सर्जरीला चार तास झोपवायचं नाहीये. थायोपेंटोन साधारण किलोला २ ते ४ मिलिग्रॅम, प्रोपोफॉल ०.७५ ते १.५ मिलिग्रॅम. काकांना आपण १५० मिलिग्रॅम थायोपेंटोन दिलं, म्हणजे किलोला अडीच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग स्कोलिन, म्हणजे सक्सिनिलकोलिन, किलोला ०.५ ते १ मिलिग्रॅम. दिल्यावर चेहऱ्यापासून बारीक थरथर सुरू होते आणि खाली सरकत सरकत पायाच्या बोटांपर्यंत जाते. नवीन पोरं चेहऱ्याची थरथर थांबली की बटण दाबायला धावतात. थांबा. पोटरी आणि बोटं शांत होईपर्यंत थांबायचं, साधारण मिनिट-दीड मिनिट. हा वेळ वाया जात नाही, कारण तेवढ्यात थायोपेंटोनचा जोरही थोडा उतरतो आणि सीझर चांगला येतो. या वेळात भूलतज्ज्ञ ऑक्सिजन देऊन जरा जोरात बॅगिंग करत असतो, तेही उगाच नाही. कार्बन डायऑक्साइड खाली गेला की मेंदूला फिट येणं सोपं जातं. बॅगिंग ढिलं पडलं तर तोच डोस देऊनही सीझर फुसका निघू शकतो.

स्कोलिन देण्याआधी पेशंटला किंवा घरच्यांना काय विचारायचं?

तीन गोष्टी, आणि एक तर आपल्याकडे हमखास. पेशंटने अलीकडे कीटकनाशक घेतलं होतं का? ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेतून वाचलेला पेशंट मेडिसिन वॉर्डातून थेट आपल्याकडे येतो आणि डिप्रेशनसाठी ईसीटी ठरते, पण त्याच्या रक्तातलं कोलिनएस्टरेज अजून आठवडेच्या आठवडे कमीच असतं. हेच एन्झाइम स्कोलिन तोडतं. मग पाच मिनिटांत उतरणारं औषध तासभर उतरत नाही आणि पेशंट श्वास घेत नाही. हे भूलतज्ज्ञाला तुम्हीच सांगायचं, कारण सुसाइड अटेम्प्टची हिस्ट्री तुमच्या फाइलमध्ये आहे, त्याच्या नाही.

दुसरं, घरात कुणाला ऑपरेशननंतर श्वासाची मशीन काढायला उशीर झाला होता का. तेच एन्झाइम जन्मजात कमी असतं काही कुटुंबांत, आणि आर्य वैश्य समाजात ते जास्त दिसतं हे जुनं निरीक्षण आहे. तिसरं, पेशंट किती दिवस हललेला नाही. कॅटॅटोनियाचा पेशंट आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळलेला असेल तर स्कोलिनने पोटॅशियम झपकन वर जाऊन हार्ट अरेस्ट होऊ शकतो. तिथे भूलतज्ज्ञ रोक्युरोनियमसारखं दुसरं औषध निवडतो.

पायाला बीपीचा कफ बांधतात तो कशासाठी?

स्कोलिन जाण्याआधी एका पायाच्या घोट्यावर कफ बांधून सिस्टॉलिकच्या वर फुगवतात, म्हणजे त्या पावलात स्कोलिन पोचतच नाही आणि सीझर आला की तेवढंच पाऊल झटके देताना दिसतं. बाकी अंग शांत. मोटर सीझर मोजायचा तो तिथे. एका बाजूला इलेक्ट्रोड लावत असाल तर कफ त्याच बाजूच्या पायावर. उजवं पाऊल हलवतो डावा मेंदू, करंट दिला उजव्या बाजूला, तरीही उजवं पाऊल हललं म्हणजे सीझर पलीकडे पसरला. कफ चुकीच्या पायाला बांधला की ही खूणच हातातून जाते. आणि स्कोलिन आधी, कफ नंतर असं करून उपयोग नाही, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

पूर्ण रिलॅक्स केलंय तर बाईट ब्लॉक कशाला?

कारण जबडा फिटमुळे आवळत नाही, करंटमुळे आवळतो. इलेक्ट्रोड कानशिलावर, खाली चावायचा स्नायू, करंट थेट त्याच्यात. स्कोलिन नसेवरून स्नायूकडे जाणारा निरोप अडवतं, स्नायूला थेट मिळालेला शॉक नाही. बाईट ब्लॉक विसरलात तर दात किंवा जीभ गेलीच.

इलेक्ट्रोड नक्की कुठे लावायचे? दर वेळी कुणीतरी "थोडं वर, थोडं खाली" म्हणतं.

बायटेम्पोरल असेल तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या पुढच्या उंचवट्यापर्यंत मनात रेघ ओढा, तिचा मध्य काढा आणि तिथून साधारण ३ सेंटीमीटर वर, म्हणजे दोन बोटांच्या आसपास. दोन्ही बाजूंना सारखंच.

उजवं युनिलॅटरल असेल तर एक इलेक्ट्रोड याच उजव्या जागी आणि दुसरा टाळूजवळ. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंतची रेघ आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतची रेघ जिथे एकमेकींना छेदतात तिथून अडीच सेंटीमीटर उजवीकडे. यात सगळ्यांची एकच चूक असते, टाळूवरचा इलेक्ट्रोड केसांमुळे पुढे सरकतो. दोन इलेक्ट्रोड जवळ आले की करंट मेंदूत न जाता कातडीवरूनच पलीकडे पळतो, मग डोस कागदावर चांगला आणि आत काहीच नाही.

यातलं कुठलं निवडायचं? युनिलॅटरलने स्मरणशक्तीचा त्रास कमी होतो, पण त्यासाठी डोस थ्रेशोल्डच्या बऱ्याच वर ठेवावा लागतो. पेशंट जीवावर बेतलेल्या अवस्थेत असेल, खात-पीत नसेल, तर बरेच कन्सल्टंट सरळ बायटेम्पोरल घेतात. काकांना आपण तेच घेतलं. माझं मत विचाराल तर, वेळ हाताशी असेल तिथे युनिलॅटरलने सुरुवात करायला आपण जरा जास्तच घाबरतो.

इम्पीडन्सचा आकडा लाल येतोय, तरी द्यायचा का?

नाही. जास्त येत असेल तर कातडी तेलकट आहे, जेल कमी आहे किंवा इलेक्ट्रोड नीट दाबलेला नाही, आणि तसंच दाबलं तर कातडी भाजू शकते. आपल्याकडे आदल्या रात्री डोक्याला खोबरेल लावून आलेला पेशंट म्हणजे अगदी रोजचं, म्हणून वॉर्डातल्या मावशींना सांगून ठेवा की आदल्या दिवशी केस धुवून घ्यायचे. खूपच कमी येत असेल तर उलटं झालंय, जेल किंवा घाम दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये पसरलाय. पुसा, परत लावा, परत बघा.

डोस "मिलिकूलोम"मध्ये लिहितात तो कुठून येतो?

मशीन करंट स्थिर ठेवते, बहुतेक ८०० किंवा ९०० मिलिअॅम्पिअर. डोस म्हणजे एकूण किती चार्ज गेला, तो गुणाकाराने निघतो: करंट गुणिले एका पल्सची रुंदी गुणिले सेकंदाला पल्स गुणिले किती सेकंद दिला. समजा ८०० मिलिअॅम्पिअर, पल्स १.५ मिलिसेकंद. एका पल्सला १.२ मिलिकूलोम झाले. सेकंदाला १२५ पल्स, म्हणजे सेकंदाला १५०. मग ०.४ सेकंद दिलं तर ६०, ०.८ सेकंदाला १२०, १.२ सेकंदाला १८०. एवढंच गणित आहे, एकदा वहीत करून बघा म्हणजे मशीनची भीती जाईल.

एक खोच आहे मात्र. काही मशीनवर हर्ट्झचा आकडा पल्सच्या जोड्यांचा असतो, एक वर एक खाली अशी जोडी, म्हणजे ७० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १४० पल्स. दुसऱ्या कॉलेजमधून आलेला रेसिडेंट जुन्या सवयीने आकडे फिरवतो आणि डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. नवीन मशीनवर पहिल्या दिवशी मॅन्युअल उघडा.

टायट्रेशन म्हणजे नक्की काय करतात? सगळ्यांना एकच डोस का नाही?

कारण सीझर यायला किमान किती चार्ज लागतो, म्हणजे थ्रेशोल्ड, तो माणसागणिक कितीतरी वेगळा असतो. वय जास्त, पुरुष, बायटेम्पोरल, रात्रीची लोराझेपाम, फिटची औषधं, हे सगळं थ्रेशोल्ड वर नेतं. सरसकट एक डोस दिला तर कुणाला कमी पडतो आणि कुणाला गरज नसताना स्मरणशक्तीची किंमत मोजावी लागते.

म्हणून पहिल्या सेशनला मुद्दाम कमीपासून सुरू करतात. काकांना पहिले ६० मिलिकूलोम दिले. जबडा आवळला, नंतर काही नाही. (जबडा आवळला म्हणजे सीझर आला असं समजणारे दरवर्षी दोन तरी भेटतात.) मग २० ते ३० सेकंद हात बांधून थांबायचं, कारण कधीकधी सीझर उशिरा उठतो आणि तुम्ही घाईत दुसरा शॉक त्याच्या डोक्यावर देता. आला नाही. डोस दुप्पट, १२०. यावेळी पाऊल ३८ सेकंद हललं, ईईजीवर ५२ सेकंद. थ्रेशोल्ड ६० आणि १२० च्या मध्ये कुठेतरी आहे, आपण लिहिताना १२० लिहितो. पुढच्या सेशनपासून बायटेम्पोरलला थ्रेशोल्डच्या दीडपट, म्हणजे १८०.

युनिलॅटरल असतं तर हिशोब वेगळा, तिथे साधारण सहापट. समजा थ्रेशोल्ड ३० निघाला असता तर तिथेही १८० च आला असता. नुसत्या आकड्याला अर्थ नाही, तो थ्रेशोल्डच्या किती पट आहे त्याला आहे, आणि युनिलॅटरलला दीडपटीवर ठेवून "युनिलॅटरल कामच करत नाही" म्हणणारे लोक मी बघितलेत.

एका सेशनला तीन-चारपेक्षा जास्त शॉक नकोत, आणि मध्ये थायोपेंटोन उतरत नाहीये ना हे भूलतज्ज्ञाशी बोलत राहायचं. अजून एक, शॉक देऊन सीझर आलाच नाही तर व्हेगसचा जोर तसाच राहतो, पल्स खाली जातो, कधी काही सेकंद हार्ट थांबतंसुद्धा. सीझर आला की मागोमाग सिंपथेटिक उसळी येते आणि ते सावरतं. म्हणून टायट्रेशनच्या दिवशी अॅट्रोपिन किंवा ग्लायको आधी दिलेलं बरं, आणि पेशंट बीटा ब्लॉकरवर असेल तर दुप्पट सावध. हार्ट फारच नाजूक असेल तर काही कन्सल्टंट टायट्रेशन टाळून वयावरून डोस ठरवतात, तेही ठीक आहे.

सीझर २५ सेकंदांच्या वर गेला की पास, बरोबर?

इथेच सगळे अडकतात. पावलाचे १५ सेकंद, ईईजीचे २५ सेकंद हे आकडे पाठ असतात आणि परीक्षेत विचारतातही, पण ते खालची पायरी आहेत, पासचं सर्टिफिकेट नाही. न्यूयॉर्कमध्ये हॅरॉल्ड सॅकिम आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की युनिलॅटरल ईसीटी थ्रेशोल्डच्या जेमतेम वर दिली तर सीझर अगदी छान लांब येतो आणि डिप्रेशन मात्र फारसं हलत नाही. वेळ पूर्ण, गुण शून्य. आणि उलटंही होतं, डोस थ्रेशोल्डच्या बराच वर नेला की सीझर लहान पण जोरदार होतो. म्हणजे नुसत्या स्टॉपवॉचवरून डोस वाढवायचा की कमी करायचा हे ठरत नाही.

मग बघायचं काय? ईईजीचा आकार. चांगल्या सीझरमध्ये आधी बारीक दाट स्पाइक, मग उंच उंच, सेकंदाला अडीच-तीनच्या ठेक्यात स्पाइक आणि स्लो वेव्ह, दोन्ही बाजूंना सारख्या, आणि मग एकदम कुणी स्विच बंद केल्यासारखी सपाट रेघ. ही शेवटची सपाट रेघ मला सगळ्यात बोलकी वाटते. हळूहळू विझत गेला, नक्की कुठे संपला तेच कळेना, तर समजा सीझर कमजोर होता. सोबत पल्स बघा, चांगल्या सीझरला तो ठळक वर जातो.

आणि फसवणारे पण असतात. बॅगिंगमुळे डोकं हललं तरी ईईजीवर लाटा येतात, सपाट रेघेत ईसीजीचे ठोके घुसतात आणि आपण सीझर चालूच आहे म्हणून मोजत बसतो. संशय आला तर ठोके मॉनिटरशी जुळतात का ते बघा.

पहिले चार चांगले झाले आणि पाचवा फुसका गेला, डोस वाढवू ना?

थांबा, आधी काकांचं ऐका. दुसरा ते चौथा सेशन १८० वर मस्त गेले, ईईजी ४० च्या आसपास, शेवट सपाट. चौथ्यानंतर काकांनी स्वतःहून चहा मागितला. पाचव्याला पाऊल ११ सेकंद, ईईजी २१, लाटा बुटक्या, शेवट धूसर. ज्युनियर म्हणाला थ्रेशोल्ड वाढलाय, २७० करू. वाढतो तो कोर्समध्ये, खरं आहे, आणि शेवटी तेही करावं लागतं. पण मी आधी चार्ट मागवला. दोन गोष्टी निघाल्या. रात्री झोप नाही म्हणून ड्युटीवरच्या डॉक्टरने क्लोनाझेपाम दिलेली. आणि चौथ्या सेशनला काकांनी जागं होताना हात हलवला म्हणून पाचव्या दिवशीच्या भूलतज्ज्ञाने थायोपेंटोन १५० चं २५० केलेलं. दोन्ही फिट दाबणारी, दोन्ही एकाच दिवशी.

त्या दिवशी साठ-सत्तर सेकंद नव्हे, चांगले दीड मिनिट थांबलो, कारण लहान सीझर आल्यावर मेंदू काही काळ परत पेटत नाही. तोवर बॅगिंग जोरात केलं आणि मगच दीडपट, २७० दिला. ठीक आला. पण सहाव्या सेशनला क्लोनाझेपाम बंद, थायोपेंटोन परत १५०, आणि डोस १८० च ठेवला. ३६ सेकंद, शेवट स्वच्छ. २७० वरच राहिलो असतो तर सीझर तरीही आले असते, फक्त काकांना नातवाचं नाव आठवायला कदाचित जास्त दिवस लागले असते.

सीझर थांबतच नसेल तर?

दोन मिनिटं झाली की हालचाल सुरू करा, तिसऱ्याची वाट बघू नका. भुलीचंच औषध परत किंवा मिडाझोलाम, ऑक्सिजन चालू, आणि ईईजी लावलेलाच ठेवा, कारण पाऊल थांबलं तरी वर सीझर चालू असू शकतो. नंतर शोधा की थिओफिलिन चालू आहे का, किंवा रोजची बेंझो अचानक बंद केली होती का.

कागदावर काय लिहायचं?

"ईसीटी नंबर ५ दिली, पेशंट स्टेबल" हे लिहू नका, पुढच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. इलेक्ट्रोडची जागा, भुलीची औषधं मिलिग्रॅमसकट, प्रत्येक शॉकचा डोस (न लागलेलेसुद्धा), पावलाचे सेकंद, ईईजीचे सेकंद, शेवट स्वच्छ की धूसर, सर्वांत जास्त पल्स, आदल्या रात्रीची औषधं, आणि शुद्धीवर येऊन स्वतःचं नाव, जागा सांगायला किती मिनिटं लागली. ईईजीची पट्टी फाइलला लावा, थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, त्यामुळे फोटो काढून किंवा झेरॉक्स करून लावा.